पाच मीटरची केबल आणि काळा होणारा पडदा

दिवाळीत पीएस५ घेतला. टीव्ही हॉलच्या भिंतीवर आणि कन्सोल समोरच्या कपाटात, म्हणून बेळगावच्या खडेबाजारातून पाच मीटरची एचडीएमआय केबल आणली. केबलवर ठळक छापलं होतं, ‘8K 48Gbps’. दोन दिवस काही त्रास नव्हता. मग गाडीच्या शर्यतीचा गेम परफॉर्मन्स मोडवर, म्हणजे सेकंदाला १२० चित्रांवर टाकला आणि दर पाच-दहा मिनिटांनी पडदा दोन सेकंद काळा व्हायला लागला. अंधाऱ्या दृश्यात पांढरे ठिपकेही चमकायचे.

मला वाटलं कन्सोलच बिघडला. शेजारचा मित्र केबल टीव्हीचं काम करतो. तो म्हणाला, "आधी केबल बदलून बघ की. सेट-टॉप बॉक्सला हीच लाव, चित्र लख्ख दिसेल. पण त्यावरून काही कळत नाही."

कारण साधं आहे. ४केच्या एका चित्रात सुमारे ८३ लाख ठिपके असतात. ते सेकंदाला १२० वेळा पाठवायचे म्हणजे जवळपास १०० कोटी ठिपके. सेट-टॉप बॉक्सच्या १०८०पी, ६० हर्ट्झच्या हे बरोबर आठपट आहे. तारेतला संकेत जितका भराभर बदलतो तितका तो वाटेत जास्त क्षीण होतो. स्वस्त केबलमध्ये तांबं बारीक, आवरण तुटपुंजं आणि जोडीतल्या दोन तारांची लांबी नेमकी सारखी नसते. कमी वेगात हे सगळं खपून जातं, जास्त वेगात टीव्हीला ० आणि १ वेगळे ओळखता येत नाहीत. चुका थोड्या असल्या की ठिपके दिसतात. वाढल्या की जोडणीच तुटते, दोन्ही यंत्रं ती नव्याने जुळवतात आणि तेवढा वेळ पडदा काळा राहतो. केबल लांब असली की हे आणखी वाढतं.

मग पडताळलं. सेटिंग्जमध्ये 120 Hz बंद केलं, तास गेला, काही झालं नाही. पुन्हा चालू केलं तर पहिल्या दहा मिनिटांत पडदा काळा. नंतर कन्सोलबरोबर आलेली आखूड केबल लावली, कन्सोल टीव्हीखाली स्टुलावर ठेवून. टीव्हीचा पोर्ट तोच, गेम तोच. सगळी संध्याकाळ एकदाही पडदा गेला नाही. म्हणजे कन्सोल आणि टीव्ही दोन्ही ठणठणीत होते.

दुसरी केबल घेताना छापील आकडा बघितलाच नाही. खोक्यावर ‘अल्ट्रा हाय स्पीड’ नावाचं चमकणारं लेबल आणि क्यूआर कोड शोधला आणि दुकानातच `HDMI Cable Certification` ॲपने स्कॅन केला. पहिल्या दोन खोक्यांवर लेबलच नव्हतं. तिसरं दोन मीटरचं होतं, स्कॅन केल्यावर त्याचं मॉडेल आणि लांबी ॲपमध्ये दिसली. पाच मीटरला साध्या तांब्याच्या तारेत ही क्षमता टिकवणं फार अवघड असतं, म्हणून तेवढ्या लांबीचा नाद सोडला.

कन्सोल आता टीव्हीखालच्या फळीवर आहे आणि पाच मीटरची केबल सेट-टॉप बॉक्सला.