गुळाची कॉफी फाटली त्याची गोष्ट

नवऱ्याची शुगर बॉर्डरवर आली आणि त्याच आठवड्यात सासूबाई कराडहून आल्या, येताना गुळाची अर्धी ढेप घेऊन. "साखर बंद कर त्याची, गूळ घाल, गुळाने काही होत नाही." आता गूळ म्हणजे शेवटी उसाची साखरच, थोडे क्षार आणि मळीचा रंग-वास सोबत आलेली, त्यामुळे शुगर त्यानेही वाढतेच, हे मी दोनदा सांगून बघितलं आणि मग सोडून दिलं. आमच्याकडे सकाळी फिल्टर कॉफी असते. लग्नाआधी तीन वर्षं माटुंग्याला राहिले, तिथून आलेली सवय. तर मी नेहमीसारखं दूध उकळवलं, त्यात डिकॉक्शन ओतलं, वरून गुळाचा खडा टाकला, आणि बघता बघता कपाच्या कडेला बारीक पांढरे कण, मग खाली चोथा, वर पिवळट पाणी. कॉफीचं पनीर.

सासूबाई म्हणाल्या, "दूध खराब असेल." दूध सकाळचंच होतं.

झालं होतं असं, की दुधाला आंबटपणा एका मर्यादेपर्यंत चालतो आणि ती मर्यादा दूध जितकं गरम तितकी अलीकडे येते. कॉफी मुळातच थोडी आंबट, गूळही थोडा आंबट, जुना किंवा ओलावा धरलेला असेल तर जास्तच. यातलं एकेक दूध सहन करतं, पण उकळत्या दुधावर दोन्ही एकदम पडले की हात टेकतं. गुळाचा चहा करणारे गॅस बंद करून मगच गूळ घालतात ते याचसाठी, फक्त कॉफीत तेवढ्याने भागेलच असं नाही.

मग मला कुर्गला प्यायलेली गुळाची कॉफी आठवली. तिकडे तिला बेल्लाची कॉफी म्हणतात, बेल्ला म्हणजे गूळ, आणि ती काळी असते! तमिळनाडूतली करुपट्टी कॉफी, म्हणजे ताडाच्या गुळाची, तीही काळीच, सुंठ वगैरे घालून. दूधच नाही तर फाटणार काय? आपण मात्र गूळ उचलला आणि साखरेच्या जागी ठेवून दिला.

दुधासकट हवी असेल तर मला जमलेली पद्धत अशी: पाऊण वाटी चिरलेला गूळ अर्ध्या वाटी पाण्यात विरघळवायचा, एक उकळी आणायची आणि गाळायचा (गाळाच, तळाला कचकच निघते). हा पाक बाटलीत भरून फ्रीजमध्ये चार-पाच दिवस राहतो. कपात आधी डिकॉक्शन, त्यात दोन चमचे पाक, आणि दूध उकळून दोन-तीन मिनिटं बाजूला ठेवलेलं, म्हणजे गरम आहे पण खदखदत नाही असं, ते सगळ्यात शेवटी. नवीन ढेप आणली की पाव वाटी गरम दुधात एक खडा टाकून बघायचा. तेवढ्यानेच कण दिसले तर ती ढेप पुरणपोळीला, कॉफीला नाही.

आणि चव? गूळ नुसतं गोड करत नाही, तो कॉफीत स्वतःचं सामान घेऊन राहायला येतो. भाजल्यासारखा वास, मागे किंचित खारटपणा, आणि एक जडपणा. आमच्या पावडरमध्ये वीस टक्के चिकोरी असते, तिच्या करपट गोडीशी गुळाचं छान जमतं, कॉफी एकदम दाट वाटते. पण भाचीने चिकोरीशिवायची, हलकी भाजलेली, जरा फळासारखी आंबूस लागणारी महागडी पावडर आणली होती, तिच्यात गूळ घातला आणि ती आंबूस मजा गेली ती गेलीच, सगळं काकवीसारखं लागायला लागलं.

मग एका रविवारी मी एकाच डिकॉक्शनचे चार कप मांडले, बिनदुधाचे, नाहीतर दूधच सगळं झाकून टाकतं. एकात साखर, एकात गुळाचा पाक, एकात मध, एकात स्टीव्हिया. नवरा म्हणाला, "आता माझ्यावर प्रयोग का?" म्हटलं हो.

साखरेबद्दल फार बोलण्यासारखं नाही आणि तोच तिचा गुण. तिला गोडीपलीकडे सांगायचं काही नसतं, ती कडवटपणा थोडा दाबते आणि बाजूला होते, म्हणून कॉफीची मूळ चव सगळ्यात स्वच्छ याच कपात कळली (काही न घातलेली कॉफी पिणारे चिडतील, चिडू देत).

मधाच्या कपाची गंमत झाली. एक चमचा घालून पहिला घोट घेतला तर गोडच नाही, म्हणून अजून अर्धा घातला, आणि मग दूधवाल्याचा हिशोब करण्यात तो कप तसाच राहिला. वीस मिनिटांनी सासूबाईंनी उचलून तोंडाला लावला. "अगं, यात किती मध ओतलास?" मधात फळसाखर बरीच असते आणि तिची गोडी तापमानावर हलते. गरम असताना ती साखरेपेक्षा कमी गोड लागते, गार झाली की जास्त. त्यामुळे मधाची कॉफी जिभेला चटका बसत असताना चाखून गोड करायची नाही, कोमट होऊ द्यायची आणि मग ठरवायचं. कोल्ड कॉफीत तर मध हात आखडूनच, आणि आधी थोड्या कोमट डिकॉक्शनमध्ये हलवून, नाहीतर तळाशी गोळा होऊन बसतो. कुठला मध यानेही फरक पडतो. महाबळेश्वरहून आणलेला जांभळाचा मध स्वतःच कडसर, तो कॉफीच्या कडवटपणात मिसळून गेला. दुकानातला साधा मध मात्र वरवर तरंगल्यासारखा, आधी फुलांचा वास आणि मग कॉफी, दोघांची ओळखच नाही. बाकी गरमात मध घालू नये हे आयुर्वेदातलं सासूबाईंनी ऐकवलंच, पण कप त्यांनीच संपवला.

आता स्टीव्हिया. हे पराग्वेकडचं झुडूप, तिथले ग्वारानी लोक याची पानं फार पूर्वीपासून वापरतात. पानातला गोड अर्क साखरेच्या दोनशे-तीनशे पट गोड, म्हणून पुडीत बहुतेक भर दुसऱ्याच कशाची तरी असते. आमच्या पुडीत एरिथ्रिटॉल नावाचा साखरेसारखा दाणेदार पदार्थ होता, तो कोरडा चाखला तर जिभेवर थोडा गारवा जाणवतो. पण खरी अडचण वेळेची. घोट घेतला की आधी कॉफीचा कडवटपणा येतो, गोडी मागून येते, लग्नात जेवणं उरकल्यावर पोचणाऱ्या पाहुण्यासारखी, आणि मग जातच नाही, ज्येष्ठमधासारखी घशाशी बसून राहते. त्यात हा अर्क जिभेवरची कडू चवही जागी करतो. म्हणजे जास्त गोड व्हावी म्हणून दुसरी पुडी फोडली की कॉफी गोडीसोबत जास्त कडूही होते! नवऱ्याने नेमकं हेच केलं आणि "औषध आहे" म्हणून कप खाली ठेवला. शिवाय साखर-गुळाने येणारा दाटपणा यात नाही, काळी कॉफी पाणचट वाटते. अर्धी पुडी, दूध जरा जास्त आणि चिमूटभर जायफळ, एवढ्यावर त्याचं कसंबसं जमलंय.

उरलेल्या ढेपेचा पाक मीच संपवतेय, काळ्या कॉफीत, सुंठ घालून. सासूबाई परत जाताना विचारत होत्या, पुढच्या खेपेला पूर्ण ढेप आणू का म्हणून.