आमची वाटचाल : सतरा वर्षांचं गिऱ्हाईक आणि नवे दर

डोंबिवलीत लिफ्ट दुरुस्तीचा व्यवसाय सुरू केला तेव्हा पहिलं वार्षिक देखभालीचं काम दिलं ते एका सात मजली सोसायटीने. दोन लिफ्ट, अठ्ठावीस घरं. यंदा त्या कराराचं सतरावं नूतनीकरण होतं.

तीन वर्षं दर वाढवला नव्हता. एका लिफ्टचे २२,००० रुपये. त्यात दर महिन्याची सर्व्हिसिंग आणि बंद पडली की येणं. सुटे भाग वेगळे. मेकॅनिकचे पगार आणि त्याच्या गाडीचं पेट्रोल यातून सुटेना, म्हणून २५,५०० करायचं ठरवलं.

पूर्वी एका गिऱ्हाइकाला मी वाढीव दर थेट बिलात लावला होता. आधी एक शब्द नाही. ते काम गेलं, आणि चूक माझीच होती. म्हणून या वेळी करार ३१ मार्चला संपणार असताना पत्र जानेवारीतच दिलं, म्हणजे कमिटीला मीटिंगमध्ये विषय घेता येईल.

पत्राची सुरुवात आभारानेच केली. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये बाकीची येणी अडकली होती, तेव्हा या सोसायटीने तिमाही हप्ता वेळेवर दिला. त्यावर माझ्याकडे कामाला असलेल्या दोन मुलांचे पगार झाले. हे मी तसंच लिहिलं.

मग हिशोब मांडला. दोन लिफ्टचे ५१,०००, त्यावर १८ टक्के जीएसटी, एकूण ६०,१८०. आधीचे ५१,९२०. फरक ८,२६० चा, म्हणजे घरटी वर्षाला २९५ रुपये. सेक्रेटरी काकांना सभासदांपुढे हाच आकडा सांगायचा असतो, तो त्यांना का शोधायला लावावा?

सोबत वर्षभराच्या तक्रारींची नोंदवही जोडली. एकतीस तक्रारी, त्यातल्या एकोणीस दारांच्या. जाळीचं दार पूर्ण लागलं नाही, किंवा कुलपाचा कॉन्टॅक्ट झिजला, की लिफ्ट हलत नाही. सगळ्या मजल्यांचे कॉन्टॅक्ट पहिल्याच महिन्यात नव्या दरातच बदलून देतो, असं लिहून दिलं.

एक गोष्ट लिहायला जड गेली. ‘ए’ विंगच्या लिफ्टच्या दोरावर लालसर भुकटी दिसत होती आणि जाडीही कमी भरत होती. दोर आतून झिजत असल्याची ही खूण. दोर बदलण्याचा खर्च करारात बसत नाही, वेगळा येईल, हे आधीच सांगितलं. दरवाढीसोबत हे वाचून ते दुसऱ्याकडे जातील, अशी भीती होती. पण दोराबद्दल गप्प राहून सही घेणं मला जमलं नसतं.

फेब्रुवारीत काकांचा फोन आला. “दर मान्य आहे. हप्ते पूर्वीसारखे तिमाहीच ठेवा, आणि दोराचं कोटेशन आधी पाठवा.”

कोटेशन त्याच संध्याकाळी पाठवलं. दोर एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात बदलला.