तुम्ही विचारलंत म्हणून: जुन्या डब्याचा प्रिंटर

«जुन्या कॉम्प्युटरवरचा प्रिंटर शेअर केलाय, पण नवीन कॉम्प्युटर ड्रायव्हर मागतो, आणि दिला की नको म्हणतो. तो जुना डबा काढून का टाकत नाही तुम्ही?»

डबा काढता येत नाही, म्हणून. ज्या पतसंस्थेचं काम मी सांभाळतो, तिथल्या ठेवींचा सगळा हिशेब डॉसवरच्या एका जुन्या प्रोग्रॅममध्ये आहे. तो सोळा बिटचा. असा प्रोग्रॅम चालवायची सोय बत्तीस बिटच्या विंडोजमध्ये होती, चौसष्ट बिटच्या विंडोजमध्ये ती ठेवलेलीच नाही. विंडोज ११ तर बत्तीस बिटमध्ये निघालंच नाही. त्यामुळे विंडोज ७ वरचं ते मशीन तिथं आहे, त्याच्या मागच्या रुंद पॅरलल पोर्टला लेझर प्रिंटर आहे, आणि नवीन मशीनांना तसं पोर्टच नाही. मला कुणी हौस म्हणून जुनं जपतो असं म्हटलं की खरंच वाईट वाटतं. संस्थेनं नवा प्रोग्रॅम घ्यावा हे मीही सांगून झालंय. तोवर पावत्या तर छापायच्याच आहेत.

आता ड्रायव्हरचं. नवीन कॉम्प्युटरवरून तुम्ही `\\JUNA` उघडता, प्रिंटरवर डबल क्लिक करता, तेव्हा विंडोज जुन्या मशीनकडेच ड्रायव्हर मागतं. जुन्या मशीनकडे असतो बत्तीस बिटचा. छपाई सांभाळणारी स्पूलर नावाची सेवा नवीन मशीनवर चौसष्ट बिटची असते, आणि चौसष्ट बिटच्या प्रोग्रॅमला बत्तीस बिटची ड्रायव्हर फाइल आपल्यात उघडताच येत नाही. जुन्या मशीनवर `C:\Windows\System32\spool\drivers` उघडून बघा. तिथं `W32X86` नावाचं फोल्डर भरलेलं दिसेल. नवीन मशीनला हवं असतं त्याच्या शेजारचं `x64`. ते एक तर नसतं, नाहीतर त्यात आपल्या प्रिंटरचं काही नसतं. झगडा एवढाच आहे. केबल, राउटर, शेअरिंगचा पासवर्ड यांच्यामागे लोक दिवस घालवतात. जुन्या मशीनवरचं शेअर केलेलं फोल्डर नवीनवरून उघडत असेल, तर बहुतेक वेळा नेटवर्कचा दोष नसतो.

यातून दोन वाटा निघतात. मी दोन्हींनी गेलोय, आणि एकीची शिफारस करताना आजही माझा आवाज थोडा खाली येतो. कारण सांगतो.

३१ मार्च २०१७, शुक्रवार. वर्षअखेर. दुपारीच नवीन विंडोज १० मशीन बसवलं होतं आणि व्याजाची आठ पानी यादी त्यावरून छापायची होती. संध्याकाळचे सात वाजून गेलेले. मी तेव्हा लोकल पोर्टची युक्ती नुकती शिकलो होतो. प्रिंटर नवीन मशीनवर 'लोकल' म्हणून बसवायचा, ड्रायव्हर आपल्या हातानं चौसष्ट बिटचा द्यायचा, आणि पोर्ट म्हणून शेअरचा पत्ता टाकायचा. जुन्या मशीनला ड्रायव्हर विचारायचाच नाही. पान नवीन मशीनवरच तयार होतं आणि जुनं मशीन आलेला मजकूर आहे तसा प्रिंटरच्या अंगावर ओततं. कंपनीचा सगळ्या मॉडेलांना चालणारा ड्रायव्हर मी उतरवला होता. त्यात दोन होते, PCL 5 आणि PCL 6, म्हणजे प्रिंटरला पान सांगायच्या भाषेच्या दोन आवृत्त्या. सहा नवीन, म्हणून मी सहा घेतला. आमचा प्रिंटर पाचच समजणारा होता.

यादी पाठवली. पहिला कागद आला, डोक्यावर एकच ओळ:

```
@PJL ENTER LANGUAGE=PCLXL
```

खाली दोन-चार अगम्य अक्षरं, बाकी पान कोरं. मग दुसरा कागद, त्यावर डाव्या कोपऱ्यात तीन चिन्हं. मग तिसरा. मी नवीन मशीनवर प्रिंटरची रांग उघडली, ती रिकामी. काहीच शिल्लक नाही म्हणजे आता थांबेल, असं वाटलं. थांबलं नाही. मी रांग बंद केली, परत उघडली, मशीन रीस्टार्ट केलं. मागे कागद पडण्याचा आवाज चालूच. ट्रेमध्ये काय आहे हे मी पाहिलंच नव्हतं. ठेवी सांभाळणाऱ्या बाई टेबलावरून उठून आल्या आणि म्हणाल्या, "अहो, त्यात पावत्या आहेत."

ट्रेमध्ये छापील क्रमांकाच्या ठेव पावत्या होत्या. बाईंनी मुदत संपलेल्या ठेवींच्या नूतनीकरणासाठी लावलेल्या. मी ट्रे खेचून काढला तोवर सत्तेचाळीस पावत्या गेल्या होत्या. कोऱ्या कागदाचं काही नसतं, पण क्रमांकाच्या पावतीचा एकेक आकडा ऑडिटरला दाखवावा लागतो. बाईंनी एक शब्द बोलला नाही. प्रत्येक पावतीवर दोन आडव्या रेघा, मध्ये 'रद्द', सही, आणि रजिस्टरमध्ये क्रमांक. मी शेजारी बसून क्रमांक वाचत होतो, त्या लिहीत होत्या. रात्री साडेअकराला त्यांचे यजमान गाडी घेऊन न्यायला आले तेव्हा नऊ राहिल्या होत्या. त्या पुऱ्या करूनच त्या उठल्या.

काम नवीन मशीनवर सापडत का नव्हतं, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. या पद्धतीत नवीन मशीन मजकूर ढकलून मोकळं होतं. पुढचा सगळा साठा जुन्या मशीनच्या रांगेत असतो. तिथं जाऊन ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून हे दिलं असतं तर पुढचा मजकूर तिथंच अडला असता:

```
net stop spooler
del /q %systemroot%\System32\spool\PRINTERS\*.*
net start spooler
```

त्या रात्रीनंतर मी लोकल पोर्टला शिवायचं नाही असं ठरवलं, आणि लोकांनाही तेच ठणकावून सांगायचो. तुमच्यापैकी काहींना माझं ते बोलणं आठवत असेल. 'रीतसर करा' म्हणायचो. रीतसर म्हणजे जुन्या मशीनवर प्रिंटरच्या Properties मध्ये Sharing, तिथं Additional Drivers, त्यात x64 वर खूण, आणि चौसष्ट बिटच्या ड्रायव्हरची `.inf` फाइल दाखवायची. यात लोक अडकतात ते नावावर. दोन्ही ड्रायव्हरचं नाव अक्षरशः एकच लागतं. जुना प्रिंटर जुन्या सीडीवरच्या ड्रायव्हरवर चालू असेल आणि चौसष्ट बिटचा वेगळ्या नावाचा असेल, तर तो यादीत जमा होतो पण या प्रिंटरला उपयोगी पडत नाही. नवीन मशीन परत ड्रायव्हर मागतंच. म्हणून आधी जुन्या मशीनवर त्याच कंपनीच्या, त्याच आवृत्तीच्या पॅकेजातला बत्तीस बिटचा ड्रायव्हर टाकायचा, Advanced टॅबमध्ये प्रिंटर त्याच्यावर आणायचा, आणि मग त्याचा चौसष्ट बिटचा भाऊ जोडायचा. डॉसचा प्रोग्रॅम थेट पोर्टवर लिहितो, त्याला या बदलाचा धक्का लागत नाही. PCL 5 ची अशी जोडी लावून चार वर्षं माझं सुरळीत चाललं.

२०२१ मध्ये विंडोजच्या छपाई सेवेतलं मोठं भगदाड उघडकीला आलं. त्या ऑगस्टच्या अपडेटनंतर शेअरवरून ड्रायव्हर उतरवायला नवीन मशीनवर ॲडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड लागू लागला. नियम बरोबरच आहे, अनोळखी ठिकाणाहून येणारा ड्रायव्हर घातक असू शकतो. पण क्लार्क सकाळी मशीन चालू करतो आणि पासवर्डची खिडकी समोर येते, तेव्हा फोन मला येतो. शिवाय विंडोज ७ चं समर्थन १४ जानेवारी २०२० लाच संपलेलं. एक बाजू दर महिन्याला बदलते, दुसरी गोठलेली. रीतसर वाट या दोघांच्या एकमेकांशी बोलण्यावर उभी आहे, आणि तेच बोलणं दिवसेंदिवस कठीण होत चाललंय.

म्हणून मी लोकल पोर्टवर परत आलो. हो, ज्याला नावं ठेवत होतो त्याच्यावर. आता जे करतो ते असं. जुन्या मशीनवर छपाईसाठी पासवर्ड असलेलं वेगळं खातं काढतो, कारण बिनपासवर्डाची पाहुणी जोडणी नवीन विंडोज नाकारतं. शेअरचं नाव लहान आणि मोकळी जागा नसलेलं, `LASER`. नवीन मशीनवर, ज्या लॉगिनवरून छापायचं त्याच लॉगिनमध्ये, ओळख साठवून शेअर दिसतो का बघतो:

```
cmdkey /add:JUNA /user:JUNA\chhapai /pass
net view \\JUNA
```

यादीत `LASER` समोर `Print` दिसलं की मगच पुढे. प्रिंटर हातानं जोडायचा पर्याय घेतो, Create a new port, Local Port, नाव `\\JUNA\LASER`. ड्रायव्हर चौसष्ट बिटचा, PCL 5 चा. मग जुन्या मशीनपाशी स्वतः जाऊन ट्रे रिकामा करतो, एक कोरा कागद ठेवतो, आणि नवीनवरून टेस्ट पेज. त्या पानावर ड्रायव्हरचं नाव छापून येतं, ते वाचतो. पान नीट आलं तर भाषा जुळली. `@PJL` आलं तर एकाच कागदावर भागतं.

या वाटेची खोट मला माहीत आहे. Additional Drivers मध्ये निदान नाव जुळवायला विंडोज बसलेलं असतं. इथं कुणीच बघत नाही. स्कॅनरचा ड्रायव्हर सोडून कुठलाही प्रिंटरचा दिला तरी ते मुकाट घेतं. कागद संपला, टोनर संपला, हे नवीन मशीनला कळत नाही. प्रत्येक मशीनवर, प्रत्येक लॉगिनला वेगळं करावं लागतं. आमच्याकडे तीन मशीनं आहेत म्हणून जमतं. पंधरा असती तर मी काय केलं असतं हे मी छातीठोक सांगणार नाही. आणि एक्सपी असेल तर हे सगळं सोडून द्या. एक्सपीला SMB1 लागतं, म्हणजे नेटवर्कवर फायली आणि प्रिंटर वाटून घ्यायची जुनी पद्धत, आणि २०१७ च्या अखेरीपासून विंडोज १० मधून ती काढून टाकायला सुरुवात झाली. ती चालू करून देतो म्हणणाऱ्याला ऑफिसात घेऊ नका. त्याच २०१७ च्या मे महिन्यात त्या दारातून वॉनाक्राय नावाचा खंडणी मागणारा व्हायरस घुसला होता हे आठवा.

माझा एक मित्र म्हणतो, "तेव्हा पाच नंबरचा ड्रायव्हर घेतला असतास तर तू इतकी वर्षं लोकल पोर्टला शिव्या घातल्या नसत्यास." खरं आहे. पण मग ट्रे बघायची सवयही लागली नसती, आणि ती सवय नसलेल्या माणसाच्या हातात ही युक्ती द्यावी का, यावर आमचं अजून एकमत नाही. बाई गेल्या वर्षी निवृत्त झाल्या. त्यांच्या जागी आलेल्या मुलीला मी पहिल्या दिवशी जुन्या मशीनची प्रिंटरची रांग कशी उघडायची ते दाखवलं, आणि ट्रेवर खडूनं लिहून ठेवलं: पावत्या आहेत.