मशेरी सुटली होती, मग परत लागली: माझा अनुभव

मशेरी सोडली की सुरुवातीचे दिवस वाईट जातात हे सगळे सांगतात, डोकं दुखतं, चिडचिड होते, झोप लागत नाही, आणि ते खरंच आहे, पण दोन-चार आठवड्यांत ते बरंचसं उतरतं. माझंही उतरलं होतं. डॉक्टरांनी दिलेलं २ मिलिग्रॅमचं निकोटीनचं च्युइंगम तीनेक महिने चालवलं, हळूहळू कमी करत बंद केलं, पावसाळा गेला, दिवाळी गेली, डबीची आठवणसुद्धा येईना. आणि मग सासरी गावाला चुलत सासरे वारले, दहाव्यापर्यंत तिथेच राहावं लागलं, तिथे परत बोट डबीत गेलं. मला त्याबद्दलच लिहायचंय, कारण सोडायचं कसं हे कुठेही वाचायला मिळतं पण सगळं छान चाललेलं असताना परत सुरू झालं तर त्याच्याकडे बघायचं कसं हे फारसं कुणी सांगत नाही. त्यात बायकांच्या मशेरीला तर आपल्याकडे व्यसन म्हणतच नाहीत, दात घासणं म्हणतात.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, चुरून बारीक करायची आणि बोटाने हिरड्यांना लावायची, ती मशेरी. आमच्याकडे आई, मावश्या, आत्या सगळ्या लावायच्या आणि सगळ्यांचं एकच म्हणणं, सकाळी मशेरी लावल्याशिवाय पोट साफ होत नाही. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे कामाचं आहे.

गावाला तिसऱ्या की चौथ्या सकाळी मागच्या पडवीत मोठ्या जाऊबाई चुलीवर तवा ठेवून मशेरी भाजत होत्या. तो धूर घशाला लागतो, खोकला येतो, पण लहानपणापासून ज्याने तो वास घेतलाय त्याच्या तोंडाला पाणी सुटतं. ताईंनी न विचारता डबी पुढे केली, जसा चहा पुढे करतात तशी, आणि मी घेतली. चिमूटभरच. डोकं गरगरलं कारण सवय राहिली नव्हती. खरं तर तिथे ते थांबू शकलं असतं, पण लगेच मनात आलं की आता मोडलंच, एवढे महिने वाया गेले, आता दहावं होईपर्यंत लावू आणि घरी गेल्यावर बघू. घरी आल्यावर ते बघू पुढे पुढे जात महिनाभर तरी चाललं, पुडी घरात आली, सकाळ-दुपार-रात्र सगळं होतं तसं.

नंतर जिल्हा रुग्णालयाच्या तंबाखूमुक्ती केंद्रात परत गेले तेव्हा वाटलं होतं मॅडम बोलतील. त्या बोलल्या नाहीत, उलट त्यांनी एक गोष्ट सांगितली जी मला आधी कळली असती तर फार बरं झालं असतं. ॲलन मार्लाट नावाचे अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ होते, दारू सोडलेल्या लोकांवर त्यांनी बरंच काम केलं. त्यांचं म्हणणं असं की एकदा पाय घसरणं वेगळं आणि पूर्ण जुन्या सवयीत जाणं वेगळं, आणि या दोन्हींच्या मधे असतो तो आपला विचार. माणूस 'मीच कमजोर, माझ्याच्याने होणार नाही' असं म्हणाला की त्याला इतकं वाईट वाटतं की ते वाईट वाटणं बुडवायला तो परत त्याच गोष्टीकडे जातो. 'त्या वेळी काय काय जुळून आलं' असं म्हणाला तर बदलायला काहीतरी हाताला लागतं. माझं बघा, पडवीतली चिमूट एका मिनिटाची होती, पुढचा महिना त्या 'आता मोडलंच'ने खाल्ला.

मग मॅडम म्हणाल्या, "पहिली चिमूट घेतलीत त्याच्या आधीचे दोन-तीन दिवस सांगा. दुःखाचं नको, ते असणारच. खाणं, पिणं, झोप आणि संडास सांगा."

मी सांगत गेले आणि त्या कागदावर लिहीत गेल्या. झोप नाही, कारण रात्रभर माणसं येत होती. पाणी कमी, कारण संडास लांब आणि बाहेर सगळी मंडळी बसलेली, म्हणून मी मुद्दामच कमी पीत होते. जेवणात भाजी-भाकरी कमी, भात जास्त. चहा मात्र दर माणसामागे एक. पोट आल्या दिवसापासून साफ नाही. आणि हेच मुख्य निघालं. निकोटीनमुळे आतड्यांची हालचाल वाढते, वर्षानुवर्षं मशेरी लावली की पोटाला तीच सवय होते, म्हणून सोडल्यावर बद्धकोष्ठ होणं हा नेहमीचाच त्रास आहे. घरी मी गरम पाणी आणि रात्री इसबगोल यावर तो सांभाळला होता, गावाला दोन्ही नव्हतं. म्हणजे मला मशेरी नको होती हो, मला पोट साफ व्हायला हवं होतं, आणि अंगाला त्याचा एकच उपाय माहीत होता!

दुसरी गोष्ट च्युइंगमची. पर्समधे उरलेली पट्टी होती, मी एक चघळलंही होतं आणि काही उपयोग होत नाही म्हणून थुंकलं होतं. मॅडमनी विचारलं कधी चघळलं, म्हटलं चहा प्यायल्यावर लगेच. तिथेच गोम होती. चहा-कॉफीने तोंडात आंबटपणा येतो आणि मग निकोटीन गालातून नीट शोषलं जात नाही. आधीची पंधरा मिनिटं काही खायचं-प्यायचं नाही, मग सावकाश चावायचं, तिखट झिणझिण्या आल्या की थांबून गाल आणि हिरडीच्या मधे ठेवायचं, झिणझिण्या गेल्या की परत चावायचं, असं अर्धा तास. ते साध्या च्युइंगमसारखं भराभर चावून गिळलं की उचकी आणि जळजळ, बाकी काही नाही.

दुसऱ्या वेळी सोडताना मी मनाचा निर्धार वगैरे वाढवायच्या भानगडीत पडले नाही, हेच दोन-तीन धागे धरले. उठल्या उठल्या कोमट पाणी, लगेच ब्रश, च्युइंगम चहाच्या आधी. प्रवासाच्या पिशवीत इसबगोलचा डबा. तोंडही तपासून घेतलं, कारण मी मशेरी खालच्या ओठाच्या आत ठेवायचे तिथे पांढरट झालं होतं. पुसून न जाणारा पांढरा चट्टा किंवा दोन आठवड्यांत न भरणारं तोंड आलेलं असेल तर दाताच्या डॉक्टरांना दाखवायचंच, सोडलेली असो वा नसो.

नंतर भाचीच्या लग्नात हळदीच्या रात्री परत एकदा चिमूट घेतली गेली. या वेळी चूळ भरली, पाणी प्यायले, थोड्या वेळाने च्युइंगम घेतलं आणि सकाळीच १८००-११-२३५६ या मोफत नंबरवर फोन केला, तिथे मराठीत बोलता येतं. त्यांनीही आधी झोपेचंच विचारलं. जागरण झालं होतं, रात्रीचं जेवण राहिलं होतं, तेवढं वहीत लिहिलं आणि दुपारी पोटभर जेवून झोपले. दुसरी चिमूट झाली नाही.

आता चैत्रात गावची जत्रा आहे. जाऊबाईंना फोन करून सांगितलं की मी आले की मशेरी भाजायचं काम दुसऱ्या घरी करा, त्यांना राग नाही आला. उलट म्हणाल्या, येताना ते तुझं च्युइंगम माझ्यासाठी पण आण. मी म्हटलं, ताई, तुम्हाला बीपी आहे आणि छातीत पण दुखलं होतं मागे, तुम्हाला आधी डॉक्टरांकडे नेते, मग बघू. सोमवारची वेळ घेतलीये.