पट्टे सरळ होते, तरीही

पावसाळ्यात गोव्यातल्या वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीतून आमच्या लॅबकडे कॅलिब्रेशनला येणाऱ्या स्लिप गेजच्या, म्हणजे नेमक्या मापाच्या पोलादी ब्लॉकच्या, पेट्यांत गंजाचे ठिपके हमखास सापडतात. यंदा आलेल्या एका सेटमधला 10 मिलिमीटरचा ब्लॉक मात्र चकचकीत होता, आणि नेमका तोच अजून डोक्यातून जात नाही.

सेट अचूकतेच्या ग्रेड 2 चा. कारखान्याची तक्रार अशी की याच ब्लॉकवर कंपॅरेटर, म्हणजे ब्लॉकशी तुलना करून माप दाखवणारे उपकरण, शून्य केला तर एका शिफ्टचे शून्य दुसऱ्या शिफ्टला जुळत नाही. मध्यबिंदूवर लांबी मर्यादेत होती. ब्लॉक स्वच्छ पुसून, लॅबच्या 20 अंशांवर मुरू दिला, मग हेलियमच्या दिव्याखाली त्याच्या फेसवर, म्हणजे मापाच्या पृष्ठभागावर, ऑप्टिकल फ्लॅट ही अत्यंत सपाट पारदर्शक चकती ठेवली. दोघांमधल्या फटीमुळे प्रकाशाचे जे काळे-उजळ पट्टे उमटतात, ते जवळजवळ सरळ, सारख्या अंतरावर. वाक दोन पट्ट्यांमधल्या अंतराच्या जेमतेम पाव. या प्रकाशात एक पट्टा म्हणजे 0.29 मायक्रॉनचा फरक, म्हणजे वाक 0.07 मायक्रॉनचा. ग्रेड 2 ला 0.25 चालतो.

"पट्टे सरळ आहेत, पास कर की," शेजारच्या टेबलावरचा सहकारी म्हणाला. ही सवय बऱ्याच लॅबमध्ये आहे आणि मला ती मनापासून खटकते. एका फेसवरचे सरळ पट्टे फक्त तो फेस सपाट असल्याचे सांगतात. पट्टे किती दिसतील हे फ्लॅट किती तिरपा टेकला त्यावर ठरते, त्यामुळे खालच्या फेसशी वरचा समांतर आहे की नाही, याबद्दल ते काहीच बोलत नाहीत.

त्यासाठी क्वार्ट्झच्या बेस फ्लॅटवर आमचा 10 मिलिमीटरचा मास्टर, म्हणजे तुलनेसाठीचा खात्रीचा ब्लॉक, आणि हा ब्लॉक शेजारी-शेजारी रिंग केले, म्हणजे दाबून सरकवत घट्ट चिकटवले. रिंगिंग नीट बसले की नाही हे बेस उचलून खालून पाहता येते: चिकटलेला भाग सलग काळपट दिसतो, कुठे चमकदार डाग राहिला तर तिथे धूळ किंवा तेल अडकलेले असते. ही तपासणी टाळणाऱ्याने समांतरपणाचा दाखला लिहूच नये. दोन्ही ब्लॉक खालून काळपट दिसल्यावर दोघांवर मिळून एकच फ्लॅट ठेवला आणि मास्टरवर पट्टे बरोबर आखूड बाजूला समांतर येईपर्यंत तो हलक्या बोटाने जुळवला.

मास्टरच्या 30 मिलिमीटर लांबीत चार पट्टे होते. शेजारच्या ब्लॉकवर पट्ट्यांची दिशा तीच, पण पट्टे साडेपाच. दीड पट्टा जास्त, म्हणजे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत 0.44 मायक्रॉनचा उतार. ग्रेड 2 ची मर्यादा 0.30.

इथे शंका घ्यायलाच हवी. खालून दिसला नाही असा एखादा कण ब्लॉकला तिरपा उचलून धरत असेल तर? म्हणून ब्लॉक सोडवला, पुसला, टोकाचे टोक फिरवून पुन्हा रिंग केला. फ्लॅट जुळवून मास्टरवर परत चार पट्टे आणले, तर ब्लॉकवर अडीच दिसले. दीड पट्ट्याचा फरक तेवढाच, फक्त उलट्या दिशेने. दोष खालच्या कणाचा असता तर तो ब्लॉकबरोबर इतका नेमका फिरला नसता. उतार ब्लॉकमध्येच होता.

भिंगाखाली कारणही दिसले. एका फेसवर बारीक, एकाच दिशेचे ओरखडे होते, दुसऱ्यावर नाहीत. कोणीतरी गंज काढायला तो फेस घासला होता आणि जोर एका टोकाला जास्त पडला होता. गोव्याच्या पावसाळी हवेत 20 अंशांच्या खोलीतून ब्लॉक तसाच बाहेर नेला की काही क्षणांत त्यावर दव धरते. तेल न लावता पेटीत ठेवला तर गंज चढणारच. घासणाऱ्याच्या हाताला मी नावे ठेवणार नाही, फेस त्याने खरोखर सपाट राखला होता. राग येतो तो शॉपमध्ये तेलाची बाटलीही न ठेवणाऱ्या व्यवस्थापनाचा.

त्यांचे क्वालिटीवाले न्यायला आले तेव्हा ऑडिट तोंडावर होते. मी "समांतरपणा अमान्य" लिहिलेले त्यांना आवडले नाही.

"सर, मायक्रोमीटरला तरी चालेल ना हा?"

"एका मायक्रॉनच्या मायक्रोमीटरला हा उतार कळणारही नाही. कंपॅरेटरला मात्र नको. टोक कुठले प्रोबखाली येतं त्यावर तुमचं शून्य सरकतं."

"मग आजवर कुठलं टोक लावत होतो आम्ही?"

ब्लॉकवर तशी काही खूण नव्हती, आणि त्यांच्या सेटिंगच्या नोंदवहीत त्यासाठी रकानाही नाही. ग्राइंड करून, त्या कंपॅरेटरवर मोजून पाठवलेल्या पिनांपैकी कोणत्या टोकाच्या शून्यावर कोणत्या निघाल्या, हे आता कोणालाच सांगता येणार नाही.