रजेपूर्वीची चार्ज-नोंद

शनिवार, १ नोव्हेंबर

सोमवारपासून १६ तारखेपर्यंत मी रजेवर आहे आणि लेखा विभागातील माझे काम बिलिंगच्या मॅडम पाहणार आहेत. सकाळी लिहिलेल्या पहिल्या नोंदीत फक्त तारखा होत्या: टीडीएस ७, जीएसटीआर-१ ११, भविष्य निर्वाह निधी १५. त्या वाचून मॅडमनी विचारले, "यातले किती झाले आहे आणि तुम्ही कुठे थांबला आहात, हे मला कसे कळणार?" प्रश्न रास्त होता, म्हणून दुपारी सगळी नोंद पुन्हा लिहिली.

टीडीएसचे चलन मी आजच तयार करून ठेवले. त्याचा क्रमांक १५ दिवस चालतो, त्यामुळे ७ तारखेला ते वापरता येईल. पण ऑक्टोबरची उशिरा आलेली बिले ५ तारखेपर्यंत ३१ ऑक्टोबरच्या तारखेने नोंदवली जातात आणि त्यांची कपात या चलनात नाही. अशा बिलांसाठी दुसरे चलन काढावे लागेल. ज्याच्या रकमेतून कपात झाली ती कंपनी असेल तर ००२०, अन्यथा ००२१ हा कोड निवडायचा, हेही लिहिले. एका दिवसाच्या उशिराची किंमत कळावी म्हणून सल्लागाराचे २ लाखांचे बिल उदाहरणादाखल घेतले. त्यावर १० टक्क्यांनी २०,००० रुपये ३१ ऑक्टोबरला कापले आणि ८ नोव्हेंबरला भरले, तर ऑक्टोबर व नोव्हेंबर असे दोन महिने धरून दरमहा दीड टक्क्याने ६०० रुपये व्याज लागते. शिवाय बँकेत मॅडमनी टाकलेली रक्कम संचालकांनी मंजूर केल्याशिवाय जात नाही आणि साहेब ६ तारखेला दुपारी प्रवासाला निघणार आहेत. म्हणून नोंदीत ७ खोडून ५ केले. ५ला संध्याकाळी आलेली बिले ६ला सकाळी, साहेब निघण्यापूर्वी, भरायची.

जीएसटीआर-१ या विक्रीच्या विवरणपत्रावर अधिक वेळ गेला. त्यातील विक्रीच्या कराचे आकडे पुढे ३बी या कर भरण्याच्या विवरणपत्रात आपोआप येतात आणि तिथे हाताने बदलता येत नाहीत. ३बी भरण्यापूर्वी जीएसटीआर-१ए मधून दुरुस्ती करता येते, पण ग्राहकाचा जीएसटी क्रमांकच चुकला असेल तर तो तिथेही बदलत नाही. म्हणून ऑक्टोबरमध्ये नव्याने जोडलेल्या ग्राहकांची यादी मी वेगळी काढली आणि १० तारखेला प्रत्येकाचा क्रमांक पोर्टलवर टाकून नाव जुळते का ते पाहावे, असे लिहिले. डिजिटल सहीचे टोकन कोणाच्या कपाटात आहे, हे लिहायचे मात्र मीच विसरलो होतो. ३बी ची मुदत २० तारखेची असल्याने ते काम मी परत आल्यावर करीन.

"अडचण आल्यास फोन करावा" हे शेवटचे वाक्य काढून टाकले. त्याऐवजी दोन प्रसंग लिहिले: बँकेतून रक्कम वजा झाली पण चलनाची पावती आली नाही, किंवा विवरणपत्रातील विक्रीची बेरीज आमच्या खतावणीशी जुळली नाही. पहिल्या प्रसंगी पुन्हा पैसे भरू नयेत आणि दुसऱ्या प्रसंगी विवरणपत्र दाखल करू नये. एवढे थांबून मग मला फोन करावा.