बादलीतली वाशिष्ठी

फोटोतली निळी बादली ही आमची यंदाची वाशिष्ठी नदी, आणि मागे दिसतेय ती म्युनिकमधली आमची बाल्कनी. रविवारी, 31 ऑगस्ट 2025 ला, पाच दिवसांचे बाप्पा निघाले.

इसार नदी घरापासून चालत दहा मिनिटांवर आहे. पण नदीत काही टाकायला इथे कायद्याने मनाई आहे, मग मूर्ती शाडूची का असेना. त्यात रविवार म्हणजे शांततेचा दिवस, त्यामुळे झांजाही हळूच वाजवल्या. "बादलीत कसला गं निरोप?" आई फोनवर म्हणालीच. मी म्हटलं, अगं, आपण याला पार्थिव गणेशपूजन म्हणतो ना, माती पाण्यात मिळाली की झालं. आणि पुण्यात तरी आता किती जण हौदातच विसर्जन करतात. तिला पटलं की नाही, कोण जाणे.

पण एक गोष्ट मला इथेच पाहायला मिळाली. चिपळूणला वाशिष्ठीत मूर्ती सोडली की बाप्पा दिसेनासे व्हायचे आणि आम्ही मूठभर वाळू घेऊन परत फिरायचो. इथे ते रात्रभर माझ्यासमोर होते.

उत्तरपूजा झाली, अक्षता वाहून मूर्ती जराशी हलवली, हातावर दही ठेवलं. हार, दूर्वा, जानवं काढून घेतलं. पाणी मुकुटाच्या वर चार बोटं येईल इतकं भरलं होतं. तीनदा बुडवून नऊ इंचांची मूर्ती तळाशी टेकवली आणि बारीक बुडबुडे वर येऊ लागले. शाडू भट्टीत भाजलेला नसतो, नुसता वाळवलेला असतो, त्यामुळे तो पाणी पीत जातो. आधी बोटं आणि सोंडेचं टोक गळून पडलं, मग कानांच्या कडा. रंगाचा पातळ पापुद्रा सुटून वर तरंगत राहिला. पोट मात्र जाड, ते पहाटेपर्यंत तसंच होतं. लेकीला काठीने ढवळायचं होतं, मी नाही ढवळू दिलं. ज्याला पाच दिवस मोदक भरवले, त्याला घाईने कसं विरघळवायचं? सकाळी तळाशी मऊ गाळ होता, बोटाला एकही खडा लागला नाही. प्लॅस्टरची मूर्ती असती, तर तशीच टणक राहिली असती.

रंगाचा पापुद्रा काढून टाकला, वरचं पाणी निथळून काढलं आणि गाळ तुळशीशेजारच्या रिकाम्या कुंडीत घातला. रिकाम्या पाटावर मूठभर माती ठेवून आरती केली आणि वाटली डाळ वाटली. समोरच्या आजींनी दोनदा मागून घेतली, फार बरं वाटलं.

मग लेकीने कॅलेंडर काढलं. आदल्या दिवशी तीच सगळ्यांत मोठ्याने "पुढच्या वर्षी लवकर या" ओरडली होती. पुढच्या वर्षी ज्येष्ठ अधिक आहे, चतुर्थी थेट 14 सप्टेंबरला. यंदापेक्षा अठरा दिवस उशिरा. तिचा चेहरा पडला. मग ती उठली आणि कुंडीत मेथीचे दाणे पेरून आली.